रोज एक तास, वर्षभर : आवाजाला जागा किती लागते?

नागपूरजवळच्या वाडीत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांची आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती अस्सल वऱ्हाडी बोलते. जात्यावरच्या ओव्या, शेतीच्या म्हणी, लग्नातली गाणी, सगळं तिला तोंडपाठ आहे. गेल्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, "भाऊ, मायचं रोज तासभर बोलणं रेकॉर्ड करतो म्हणतो. वर्षभर. एक टीबीची डिस्क पुरते का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं एकच उत्तर नाही. तेच रोजचे तासभराचे बोलणे वर्षाअखेरीस साडेपाच जीबीत मावू शकते आणि पावणेतीन टीबीतही मावणार नाही. हा पाचशेपटीचा फरक आवाजामुळे पडत नाही. तो आवाज आपण कोणत्या रूपात साठवतो यामुळे पडतो. म्हणून डिस्क घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसायचे. हिशेब चौथीच्या गुणाकारापलीकडे जात नाही.

कच्च्या आवाजाचा गुणाकार

माइकमधून येणारा आवाज म्हणजे सतत वरखाली होणारी लाट. यंत्र त्या लाटेची उंची सेकंदात हजारो वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप आकड्याच्या रूपात लिहून ठेवते. जागा किती लागेल हे चारच गोष्टींवर ठरते: सेकंदाला किती मोजमापे, एका मोजमापाला किती बाइट, किती माइक म्हणजे चॅनल, आणि किती सेकंद. डब्ल्यूएव्ही नावाच्या फाइलमध्ये हे आकडे काटछाट न करता जसेच्या तसे लिहिलेले असतात. त्यामुळे तिचा आकार रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच अचूक सांगता येतो.

ध्वनिसंग्रह जपणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसएने, जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहे. म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजमापे आणि प्रत्येक मोजमापाला तीन बाइट. एका माइकवर, एका तासासाठी हा गुणाकार असा होतो:

```
48000 × 3 × 1 × 3600 = 518400000
```

एका तासाला ५१८.४ एमबी. त्याला ३६५ ने गुणले की वर्षाचे १८९.२ जीबी.

यातला "१" सहज नजरेआड होतो. रेकॉर्डरवर स्टिरिओ चालू राहिला तर त्या जागी २ येतो आणि वर्षाचा आकडा ३७८.४ जीबीवर जातो. समोर एकच व्यक्ती बसलेली असेल आणि माइकही एकच असेल, तर दुसऱ्या चॅनलवर पहिल्याचीच नक्कल उतरते. दोघी बाया जात्याच्या दोन बाजूंना बसून ओवी म्हणत असतील, तर दोन माइक लावून स्टिरिओ घेण्याला अर्थ आहे. कोणत्या बाजूने ओवी उचलली, कोणी साथ दिली, हे मग कानाला कळते. एकट्या आजीच्या बोलण्याला मोनो पुरतो.

तीन बाइटऐवजी दोन, म्हणजे १६ बिट घेतले तर ताशी ३४५.६ एमबी आणि वर्षाला १२६.१ जीबी होतात. मग २४ का? म्हातारी माणसे एका लयीत बोलत नाहीत. मध्येच आवाज खाली जातो, मध्येच खळखळून हसू येते. २४ बिटांत रेकॉर्डरची पातळी मुद्दाम कमी ठेवून हसण्यासाठी वर मोकळी जागा सोडता येते, आणि हळू बोललेले शब्द नंतर उचलून घेतले तरी खरखर वाढत नाही. वर्षाला त्रेसष्ट जीबी जास्त मोजून मिळणारी ही सवलत आहे. पुन्हा न मिळणाऱ्या आवाजासाठी ती मला स्वस्त वाटते.

न गमावता आकसणारी फाइल, आणि कुलर

आता फ्लॅक. ही फाइल आवाजातला एकही आकडा टाकून देत नाही, तरी आकाराने डब्ल्यूएव्हीपेक्षा लहान असते. उलगडली की मूळ फाइल आकडा-न्-आकडा परत मिळते. ती हे साधते अंदाजाने. आधीच्या काही मोजमापांवरून पुढचे मोजमाप काय असेल याचा ती अंदाज बांधते, आणि अंदाज व खरा आकडा यांतला फरक तेवढा लिहिते. फरक लहान, तर जागा कमी. माणसाचा स्वर बऱ्यापैकी अंदाजात बसतो आणि दोन वाक्यांमधली शांतता तर फारच स्वस्तात लिहून होते.

अंदाजात बसत नाही ते फक्त खरखरणे. इथे नागपूरचा उन्हाळा हिशेबात शिरतो. मार्च सरता सरता घरोघरी कुलर सुरू होतात. कुलरचा घोंघावणारा आवाज जवळपास शुद्ध खरखर असतो. त्यातल्या पुढच्या क्षणाचा अंदाज कोणालाही बांधता येत नाही, म्हणून फ्लॅकला तो पूर्णच्या पूर्ण लिहावा लागतो. खोलीतल्या खरखरीची लाट दुप्पट उंच झाली की प्रत्येक मोजमापामागे साधारण एक बिट वाढतो. सेकंदाला ४८,००० मोजमापे असल्याने हा एक बिट ताशी २१.६ एमबी खातो. जानेवारीच्या शांत खोलीपेक्षा कुलरची खरखर आठपट उंच असेल, तर तीन बिट वाढतात आणि रोजच्या फाइलवर साधारण ६५ एमबीची भर पडते. वाडीत अमरावती रोडला लागून घर असेल, तर ट्रकांची घरघरही याच खात्यात जाते.

म्हणून फ्लॅकचा आकार कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्यावर विसंबू नये. तो खोलीवर, माइकवर आणि ऋतूवर अवलंबून असतो. डब्ल्यूएव्हीचा आकार गणिताने मिळतो, फ्लॅकचा मोजूनच घ्यावा लागतो. आपल्याच खोलीत, आपल्याच माइकवर सात दिवस रेकॉर्डिंग करा, सातही फाइली फ्लॅक करा आणि सरासरी काढा. हीच मोजणी कुलर सुरू झाल्यावर पुन्हा करा. एकट्या बोलण्यासाठी २४ बिटांचा फ्लॅक बहुधा मूळ आकाराच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत राहतो. पुढच्या हिशेबासाठी आपण ताशी ३०० एमबी धरू. वर्षाचे होतात १०९.५ जीबी.

२४ बिटांचे फ्लॅक १६ बिटांच्या मानाने फारसे आकसत नाही, याने गोंधळून जाऊ नये. घरातल्या साध्या माइकवर तळाचे आठ बिट जवळजवळ निव्वळ खरखरीचे असतात आणि ती दाबली जात नाही. त्या आठ बिटांचे ताशी १७३ एमबी जवळपास तसेच्या तसे फ्लॅकमध्ये उतरतात.

गमावून लहान होणारी फाइल

एमपी३ आणि ओपस यांचा मार्ग वेगळा. कानाला जे ऐकू येणार नाही असे त्यांना वाटते ते त्या कायमचे टाकून देतात. इथे आकार बिटरेटवर ठरतो, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट खर्च करायचे ते आपण आधीच सांगून ठेवतो. आठ बिटांचा एक बाइट, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सोपे. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला सेकंदाला १६ किलोबाइट लागतात, तासाला ५७.६ एमबी आणि वर्षाला २१ जीबी. ओपस हा नवा प्रकार बोलण्यासाठी फार कसदार आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज याच प्रकारात जातात. ३२ केबीपीएसला मोनो बोलणे स्वच्छ ऐकू येते, आणि तासाला १४.४ एमबी, वर्षाला ५.३ जीबी एवढ्यावर काम भागते.

मग सगळे ओपसमध्येच का ठेवू नये? कारण टाकून दिलेले परत येत नाही. पुढे कोणाला खरखर काढायची असेल, उच्चारांचा अभ्यास करायचा असेल, किंवा दहा वर्षांनी नव्या प्रकारात फाइल बदलायची असेल, तर त्या प्रत्येक वेळी आधीच कापलेल्यावर पुन्हा कात्री चालते. ओपस ही ऐकण्याची आणि नातेवाइकांना पाठवण्याची प्रत, फ्लॅक ही जपण्याची प्रत. दोन्ही ठेवल्या तरी ओपसचा भार फ्लॅकच्या विसाव्या हिश्शाइतकाच पडतो. संगणकावर हे काम दोन ओळींत होते:

```
flac -8 --verify 2025-01-14.wav
ffmpeg -i 2025-01-14.flac -c:a libopus -b:a 32k 2025-01-14.opus
```

पहिल्या ओळीतले `--verify` फ्लॅक करतानाच ती फाइल उलगडून मूळ आवाजाशी ताडून बघते. ही ताडणी निर्वेध पार पडल्याशिवाय मूळ डब्ल्यूएव्ही पुसू नये.

फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवला की वर्षभराच्या ३६५ फाइली यादीत आपोआप दिवसाच्या क्रमाने लागतात, आणि कोणता दिवस राहिला तेही एका नजरेत दिसते.

व्हिडिओचा मोह

आईचा चेहरा, हातवारे, जात्याचा खुंटा धरण्याची पद्धत, हेही टिपावेसे वाटणारच. पण इथे आकडे उडी घेतात. फोनवर साध्या फुल एचडीत १७ मेगाबिटने व्हिडिओ घेतला, तर एका तासाला ७.६५ जीबी जातात आणि वर्षाला २.८ टीबी. शेजाऱ्यांची एक टीबीची डिस्क सव्वाचार महिन्यांत भरेल. नव्या फोनमधल्या एचईव्हीसी प्रकारात ही जागा साधारण निम्मी होते, तरी वर्षाला सव्वा टीबीच्या पुढेच जाते.

आम्ही मधला मार्ग काढला. रोज आवाज, आणि दर रविवारी दहा मिनिटे व्हिडिओ. १७ मेगाबिट म्हणजे मिनिटाला १२७.५ एमबी. वर्षाच्या बावन्न रविवारांची ५२० मिनिटे होतात, त्यांचे ६६.३ जीबी. हातवारेही मिळाले आणि डिस्कही राहिली.

आतापर्यंतचे सगळे आकडे एका जागी, रोज एक तास आणि ३६५ दिवस धरून:

| प्रकार | एका तासाला | वर्षाला |
|---|---|---|
| डब्ल्यूएव्ही, ४८/२४, स्टिरिओ | १,०३७ एमबी | ३७८.४ जीबी |
| डब्ल्यूएव्ही, ४८/२४, मोनो | ५१८ एमबी | १८९.२ जीबी |
| फ्लॅक, ४८/२४, मोनो (अंदाज) | ३०० एमबी | १०९.५ जीबी |
| एमपी३, १२८ केबीपीएस | ५७.६ एमबी | २१ जीबी |
| ओपस, ३२ केबीपीएस | १४.४ एमबी | ५.३ जीबी |
| फुल एचडी व्हिडिओ, १७ मेगाबिट | ७,६५० एमबी | २,७९२ जीबी |

फाइलीपासून डिस्कपर्यंत

वर्षाची बेरीज करू. फ्लॅक १०९.५, ओपस ५.३, रविवारचा व्हिडिओ ६६.३. एकूण १८१ जीबी. त्यावर चतुर्थांश वाढवून २२६ धरू. एखाद्या दिवशी आई रंगात येऊन दोन तास बोलेल, लग्नघरी सगळ्या बाया जमल्या तर स्टिरिओ लावावा लागेल, कुलरचे महिने येतील. ही वाढ त्यांच्यासाठी.

एक टीबीच्या डिस्कवर संगणक ९३१ जीबीच दाखवतो. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत. वरचे सगळे आकडे हजाराच्या पटीतले आहेत, म्हणून ते डिस्कच्या खोक्यावरच्या आकड्याशी जुळतात. विंडोजमध्ये १८१ जीबी १६९ दिसतील, तर काही हरवले म्हणून घाबरायचे कारण नाही. डिस्क कधी काठोकाठ भरू नये. ऐंशी टक्क्यांवर नवी घ्यायची, असे ठरवले तर एक टीबीत ८०० जीबी वापरायचे. २२६ ने भागले की साडेतीन वर्षे.

पण हा एका प्रतीचा हिशेब झाला. एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच. जतन करणाऱ्यांचा साधा नियम असा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. शेजाऱ्यांनी एक टीबीच्या दोन डिस्का घेतल्या. एक वाडीत, दुसरी अमरावतीला बहिणीकडे, दर तीन महिन्यांनी अदलाबदल. तिसरी प्रत इंटरनेटवर. गूगलच्या फुकट १५ जीबीत वर्षभराचे ओपस सहज बसते. फ्लॅकही चढवायचे असेल तर पैसे देऊन जागा घ्यावी लागते, पण वेळ फार जात नाही. १० मेगाबिटने ३०० एमबीची फाइल चार मिनिटांत चढते. मात्र हे रोजच्या रोज करावे. वर्षाचे १०९.५ जीबी एकदम चढवायला बसले तर चोवीस तास पुरे पडत नाहीत.

डिस्क कुठे ठेवायची हेही ठरवा. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि काही बाह्य डिस्कांच्या माहितीपत्रकात चालू असतानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. उन्हाळ्यात प्रती करण्याचे काम पहाटे उरकावे, डिस्क काढून ठेवावी, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ती कधीच विसरू नये.

कुठे बिनसते, आणि ते कसे ओळखायचे

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे रेकॉर्डिंग झाले असे वाटणे आणि ते झालेले नसणे. यावर साधा उपाय वहीत आहे. तारीख, किती मिनिटे, किती एमबी, एवढे तीन रकाने आखा. डब्ल्यूएव्हीचा दर ठरलेला आहे, मोनो ४८/२४ला मिनिटाला ८.६४ एमबी. पन्नास मिनिटांचे बोलणे ४३२ एमबीच भरले पाहिजे. २८८ भरले तर रेकॉर्डर १६ बिटावर गेला आहे. ८६४ भरले तर कोणाच्या तरी हाताने स्टिरिओ लागला आहे. २०० भरले तर मध्येच बंद पडला आहे. ऐकायच्या आधीच वही सांगते.

वीज गेली आणि रेकॉर्डर बंद पडला, तर आणखी एक चमत्कार दिसतो. फाइल चारशे एमबीची असते, पण लांबी शून्य सेकंद. याचे कारण असे की किती आवाज आहे हा आकडा फाइलच्या सुरुवातीला असतो, आणि बरेच रेकॉर्डर तो शेवटी थांबताना लिहितात. आवाज आत शाबूत असतो. ऑडॅसिटीत `File > Import > Raw Data` वापरून २४ बिट, लिटल-एंडियन, एक चॅनल, ४८००० असे सांगितले की तो परत मिळतो; नुसती खरखर ऐकू आली तर तिथलाच `Start offset` एक-दोन बाइटांनी सरकवून पुन्हा आयात करावी. अशी फाइल पुसून टाकण्याची घाई करू नये.

तिसरी अडचण लांब कार्यक्रमांची. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला १०२४च्या पटीतल्या चार जीबीची मर्यादा आहे, कारण लांबी लिहायचा रकानाच तेवढा आहे. ४८/२४ स्टिरिओत ती चार तास आठ मिनिटांत गाठली जाते. रोजच्या तासाला त्याची झळ नाही. पण गावच्या रात्रभराच्या भजनाला बसणार असाल, तर रेकॉर्डर मर्यादेवर आपोआप नवी फाइल काढतो का ते घरी तपासून मगच निघा.

जागा उरते, ऐकणारा उरत नाही

हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि १२० तासांहून जास्त आवाज रेकॉर्ड झाला. सीडीच्या दर्जाने धरला तर १२० तासांचा आवाज ७६ जीबीत बसतो, म्हणजे नखाएवढ्या १२८ जीबीच्या कार्डावर जागा उरते. तरी तो संग्रह मोलाचा ठरला, कारण प्रत्येक ओवीचे शब्द लिहिले गेले, ती कोणी आणि कोणत्या गावी म्हटली ते नोंदले गेले, विषयवार लावले गेले. आज 'पारी' या संकेतस्थळाच्या माध्यमातून त्या ओव्या वाचता-ऐकता येतात त्या या नोंदींच्या जोरावर.

आपल्या शेजाऱ्यांचे एका वर्षाचे ३६५ तास त्याच्या तिप्पट आहेत. नोंद नसेल तर ते कोणी ऐकणार नाही. आणि नोंदीला जागा किती लागते? तासाभरात साधारण सात हजार शब्द बोलले जातात असे धरू. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट घेते. तासभराचे पूर्ण लेखन सव्वाशे किलोबाइटच्या आसपास, वर्षभराचे पन्नास एमबीच्या आत. फ्लॅकच्या एका दिवसाच्या फाइलच्या सहाव्या हिश्शात सबंध वर्षाचे शब्द मावतात. पूर्ण लिहिणे जमले नाही, तरी रोज पाच ओळी लिहा: काय बोलली, कोणाविषयी, कोणती ओवी कितव्या मिनिटाला.

तर शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे. एक टीबी पुरते. मोनो, ४८/२४, फ्लॅक, सोबत ओपसची प्रत आणि रविवारचा व्हिडिओ, एवढ्यावर साडेतीन वर्षे पुरते. फक्त एक टीबीच्या डिस्का दोन घ्यायच्या आणि त्यांच्याबरोबर एक वही घ्यायची.